आठ तासांची मर्यादा

इचलकरंजीतील एखादे व्यापारी कुटुंब लग्नाच्या खरेदीसाठी सुरतेला निघते. बस सायंकाळी सातची. सतरा वर्षांची कन्या साडेसहाला टॅम्पॉन लावते आणि बसमध्ये झोपी जाते. सकाळी आठला सुरत येते, नातलगांच्या घरी चहा-नाश्ता होतो आणि स्नानगृहात जाईपर्यंत साडेनऊ वाजतात. पंधरा तास कसे उलटले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बहुधा काही होत नाही. परंतु क्वचित जे होते, ते काही तासांत प्राणांवर बेतू शकते. त्याचे नाव टॉक्सिक शॉक सिंड्रोम.

अमेरिकेत 1978 साली डॉ. जेम्स टॉड यांनी काही मुलांमधील या आजाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. 1980 साली तेथे ऐन पाळीत असलेल्या निरोगी तरुणी अचानक गंभीर आजारी पडू लागल्या, काही दगावल्या. शोध घेता टॅम्पॉनशी, विशेषतः अतिशय शोषक अशा ‘रिलाय’ टॅम्पॉनशी संबंध आढळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो बाजारातून काढून घेण्यात आला. पुढे टॅम्पॉनच्या वेष्टनावर शोषणक्षमता ठरावीक पद्धतीने छापणे तेथे बंधनकारक झाले.

याचे कारण समजले की सवयीही आपोआप उमगतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेकांच्या नाकात व त्वचेवर निरुपद्रवीपणे वसत असतो. काही स्त्रियांच्या योनिमार्गातही असतो. त्याचे काही प्रकार एक विष निर्माण करतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, आणि योनिमार्गात तो एरवी फारच कमी असतो. टॅम्पॉन किंवा कप आत जाताना हवाही आत नेतो, आणि साचलेले रक्त जिवाणूंना वाढीस जागा देते. बहुतेक प्रौढांच्या शरीरात या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये असतात. किशोरींमध्ये ती पुष्कळदा पुरेशी तयार झालेली नसतात. म्हणून घरातील सर्वांत लहान वापरकर्तीने सर्वाधिक जपावे.

कप रक्त शोषत नाही, म्हणून तो सर्वस्वी निर्धोक आहे, असा समज आहे. तो खरा नाही. कपामुळेही हा आजार झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी 2018 साली प्रयोगशाळेत दाखवले की या जिवाणूचा चिवट थर कपावर बसतो आणि केवळ पाण्याने धुतल्यावरही टिकून राहतो. त्यांनी सुचवलेला मार्ग सोपा आहे: दोन कप बाळगावेत आणि वापरलेला कप उकळूनच पुन्हा वापरावा.

पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात न जाण्याचा रिवाज ज्या घरी आहे, तेथे ही सूचना अधिकच उपयोगी ठरते. दोन्ही कप पाळीपूर्वीच वेगळ्या भांड्यात, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात पाच मिनिटे खळखळ उकळून, कोरडे करून कापडी पिशवीत ठेवावेत. नुसते गरम पाणी वरून ओतणे म्हणजे उकळणे नव्हे. त्या दिवसांत कप रिकामा केल्यावर सौम्य साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावा. शक्य असल्यास विजेच्या छोट्या किटलीत खोलीतच उकळावा. कपाला वा टॅम्पॉनला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.

टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा. आठ तासांहून अधिक कधीही ठेवू नये. पुष्कळ कपांच्या वेष्टनावर बारा तास लिहिलेले असतात, तरी कपालाही आठ तासांचेच बंधन घालून घेणे सुरक्षित. टॅम्पॉन गरजेपुरत्या, कमीत कमी शोषणक्षमतेचा घ्यावा. चार-सहा तासांनी तो बराचसा कोराच निघाला, तर तो जास्त शोषणक्षमतेचा आहे असे समजावे.

आता त्या प्रवासाकडे पुन्हा पाहू. साडेसहाला लावलेल्या टॅम्पॉनची मुदत रात्री अडीचला संपते. त्या वेळी मुलगी झोपेत असते. म्हणून रात्रीच्या बसमध्ये पॅड हेच योग्य. सकाळी साडेआठला टॅम्पॉन लावून बाजारात गेल्यास दुपारच्या जेवणाच्या वेळी तो बदलावा. साडेचारची वाट पाहू नये.

आणि लक्षणे? पाळीत अचानक 102 अंशांहून अधिक ताप, उलट्या-जुलाब, अंगदुखी, उन्हाने भाजल्यासारखी लाली, उभे राहताच घेरी. ही चिन्हे डेंग्यू वा बाहेरचे खाणे बाधल्यासारखी भासतात, आणि संकोचामुळे मुलगी खरे कारण सांगत नाही. तेव्हा टॅम्पॉन वा कप तत्काळ काढावा, थेट रुग्णालय गाठावे आणि तो किती तास आत होता हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. हा आजार एकदा झाला की पुन्हा उद्भवू शकतो; अशा स्त्रीने टॅम्पॉन व कप दोन्ही वर्ज्य करावेत.