इंटर्नशिपचा शेवटचा फॉर्म: खरे लिहायचे, पण संबंध न बिघडवता

इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी मोबाइलवर एक लिंक येते. दहा-बारा प्रश्न, पाचपैकी गुण आणि शेवटी 'आपल्या सूचना' असा रिकामा चौकोन. बहुतेक विद्यार्थी दोन मिनिटांत सगळीकडे पाच देतात, चौकोनात 'खूप छान अनुभव' लिहितात आणि मोकळे होतात. त्यात आळसापेक्षा भीती जास्त असते, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती खोटीही नसते.

भीती नेमकी कशाची?

पुण्यातल्या मोठ्या कंपनीत एका बॅचमध्ये शंभर इंटर्न असू शकतात, तिथे एकाची तक्रार गर्दीत मिसळते. यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या कारखान्यात इंटर्न दोन किंवा तीनच असतात. फॉर्मवर नाव नसले तरी 'हे कोणी लिहिले' हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते. शिवाय ती जागा बहुतेकदा कुणाच्या तरी ओळखीने मिळालेली असते. काका, शेजारी किंवा महाविद्यालयातले सर यांचा शब्द मध्ये असतो.

दुसरी अडचण गुणांची आहे. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात दोन वेगळे नमुने आहेत. एकात कारखान्यातला पर्यवेक्षक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो, दुसऱ्यात विद्यार्थी इंटर्नशिपबद्दल अभिप्राय देतो. दोन्ही एकाच आठवड्यात भरले गेले, तर विद्यार्थी मोकळेपणाने लिहीलच कसा?

'निनावी' फॉर्म खरेच निनावी आहे का?

गूगल फॉर्म असेल तर हे तपासता येते. वरच्या बाजूला ईमेलशेजारी `Not shared` दिसत असेल, तर उत्तरासोबत ईमेल जात नाही. ईमेल नोंदवला जाईल अशी सूचना किंवा तशी चौकट दिसली, तर तो जातो. प्रमाणपत्र किंवा फोटो अपलोड करायला सांगितले असेल, तर नाव आणि ईमेल दोन्ही पोहोचतात.

पण ईमेल लपला म्हणून लिहिणारा लपतो असे नाही. 'मला पॅकिंगला पाठवले त्या मंगळवारी' एवढे लिहिले तरी ओळख पटते. म्हणून छोट्या ठिकाणी एक सोपा नियम पाळावा: फॉर्मवर आपले नाव आहे असे समजूनच लिहावे. जे समोर बसून शांतपणे सांगता येईल, तेच तिथे लिहावे.

एक उदाहरण

समजा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने जानेवारी ते मार्च असे बारा आठवडे एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात काढले. हंगाम जोरात होता. पहिले पाच आठवडे तिने गाठींच्या वजनाची नोंदवही लिहिली. सहाव्या आठवड्यापासून एका जुन्या फिटरने तिला डबल रोलर मशीनवर उभे केले आणि रोलर व चाकूची जुळणी शिकवली. पर्यवेक्षक दिवसभर कापूस उतरवण्याच्या गडबडीत असायचे, त्यामुळे शंका विचारायला वेळच मिळत नसे. रुईच्या धुळीसाठी मास्क तिसऱ्या आठवड्यात मागितल्यावर मिळाला.

रागात तिच्या मनात येणारे वाक्य असे असेल: 'पर्यवेक्षकांना इंटर्नमध्ये रस नव्हता, पाच आठवडे वाया गेले.' हे तिच्या दृष्टीने खरे आहे. पण त्यात एका माणसाच्या मनातल्या हेतूवर निकाल दिलेला आहे, आणि हेतू तिला दिसलेला नाही. वाचणारा त्यावर वाद घालू शकतो, सुधारणा करू शकत नाही.

तीच गोष्ट अशी लिहिता येते:

'पहिले पाच आठवडे गाठींच्या वजनाची नोंद हे एकच काम होते. सहाव्या आठवड्यापासून मशीनवर काम मिळाले आणि सर्वात जास्त शिकणे तिथेच झाले. पुढच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या आठवड्यापासून दिवसातला एक तास मशीनवर मिळाला, तर उपयोग होईल.'

यात तीन गोष्टी आहेत: काय घडले, त्याचा परिणाम काय झाला आणि काय बदलता येईल. कुणाचे नाव नाही, 'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द नाहीत. आठवडे मोजलेले असल्यामुळे ते कुणालाही तपासता येते.

शंका विचारायला वेळ न मिळण्याबद्दलही माणसाऐवजी व्यवस्थेवर लिहावे: 'हंगामात पर्यवेक्षक दिवसभर उतराईवर असतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांची ठरलेली वेळ मिळाली असती तर बरे झाले असते.' मास्कबद्दल एकच ओळ पुरते: 'मास्क पहिल्याच दिवशी द्यावा.' फिटरचे कौतुक मात्र नाव घेऊन करावे. पण ते टीका गोड करण्यासाठी नसावे. त्याने नेमके काय शिकवले, ते लिहावे.

गुणांचेही तसेच. सगळीकडे पाच दिले तर चौकोनातले वाक्य कुणी गंभीरपणे घेत नाही. सगळीकडे दोन दिले तर राग दिसतो. या विद्यार्थिनीने 'प्रत्यक्ष शिकण्याची संधी'ला चार आणि 'कामाचे नियोजन'ला दोन दिले, तर चित्र स्पष्ट होते.

फॉर्मच्या आधी एक भेट

संबंध सहसा टीकेमुळे बिघडत नाहीत, ती अचानक समोर आल्यामुळे बिघडतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात पर्यवेक्षकांना भेटून तोंडी सांगावे: 'सर, पुढच्या मुलांना मशीनवर लवकर पाठवता आले तर बघा, मी फॉर्ममध्येही तसे लिहिणार आहे.' कदाचित ते कारणही सांगतील, जसे की नव्या माणसाला चालू मशीनजवळ उभे करणे धोक्याचे असते. मग सूचनाही बदलते: आधी बंद मशीनवर शिकवावे.

मूल्यमापन आणि प्रमाणपत्र हातात येण्याआधी फॉर्म भरण्याची सक्ती असेल, तर महाविद्यालयातल्या समन्वयकांकडे थोडी मुदत मागण्यात काही गैर नाही.

या फॉर्ममध्ये काय लिहू नये

लैंगिक छळ झाला असेल तर हा फॉर्म ती जागा नाही. 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. अपघात किंवा थकलेले विद्यावेतन हेही त्याच वेळी महाविद्यालयाला लेखी कळवावे, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

खरी जबाबदारी महाविद्यालयाची

कितीही जपून लिहिले, तरी दोन इंटर्नच्या कारखान्यात विद्यार्थी उघडा पडतोच. हे ओझे त्याच्या शब्दांवर टाकणे योग्य नाही. महाविद्यालयाने अभिप्राय स्वतःकडे, तोही गुण निश्चित झाल्यावर घ्यावा आणि कारखान्याला सुटे फॉर्म पाठवू नयेत. दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे एकत्र करून पाठवले, तर कुणा एकाचे बोट दिसणार नाही आणि एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते हेही मालकाला दिसेल.

फॉर्मचा उपयोग झाला की नाही, हे पुढच्या जानेवारीत कळते. नव्या इंटर्नला पहिल्या दिवशी मास्क मिळाला आणि दुसऱ्या आठवड्यात कुणी मशीनजवळ नेले, तर ते वाक्य वाचले गेले. पुन्हा पाच आठवडे नोंदवहीच हातात आली, तर महाविद्यालयाने त्या जागी मुले पाठवायची का, याचा विचार करावा.