रोजगार मेळावे आणि ‘महास्वयम’ संकेतस्थळावरील नोकऱ्यांचे स्वरूप, मुदत व लाभ लेखी जाहीर करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता,
महाराष्ट्र राज्य.

विषय : कंत्राटी, निश्चित मुदतीच्या आणि ‘नंतर कायम करू’ अशा अटीवर दिल्या जाणाऱ्या नोकऱ्यांची कायम नोकरीशी तुलना उमेदवाराला करता यावी, म्हणून आवश्यक माहिती सक्तीची करण्याबाबत.

महोदय / महोदया,

पुणे जिल्ह्यातील आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकी पदवीधारक उमेदवार, त्यांचे पालक आणि चाकण, भोसरी, रांजणगाव परिसरात कंत्राटी पद्धतीने काम करणारे कर्मचारी यांच्या वतीने हे निवेदन सादर करत आहोत.

आपल्या विभागाच्या रोजगार मेळाव्यांत कंपन्यांच्या टेबलावरील फलकावर साधारणपणे पदाचे नाव, पात्रता, जागांची संख्या आणि मासिक पगार एवढेच लिहिलेले असते. नोकरी कोण देणार, ती कधी संपणार आणि संपल्यावर काय होणार, हे उमेदवाराला नेमणूकपत्र हातात पडल्यावर कळते. तोवर त्याने दुसरी नोकरी नाकारलेली असते. कंत्राटी नोकरीला आमचा सरसकट विरोध नाही. ठरावीक ऑर्डरसाठी किंवा प्रकल्पासाठी मुदतीची माणसे लागतात, हे आम्ही जाणतो. पण दोन नोकऱ्यांतून एक निवडायची वेळ येते, तेव्हा दोन्हींचा पूर्ण हिशेब समोर असला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

हा हिशेब कसा चुकतो, हे दाखवण्यासाठी एक नमुना मांडत आहोत. मेकॅनिकल पदविकाधारक मुलीसमोर दर्जा तपासणीच्या दोन नोकऱ्या आहेत. पहिली एका लहान कंपनीतील कायम नोकरी आहे. तिथे सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ आणि महिना २०,००० रुपये पगार, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. दुसरी नोकरी मोठ्या कंपनीच्या आवारात आहे, पण एजन्सीच्या पेरोलवर. मुदत ११ महिने, ‘काम चांगले असल्यास कायम करू’ असे तोंडी आश्वासन आणि फलकावर २४,००० रुपये. महिन्याला चार हजार जास्त दिसतात, म्हणून बहुतेक उमेदवार दुसरी नोकरी धरतात.

मात्र २४,००० हा आकडा सीटीसीचा असतो. मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, त्यातच धरलेला असतो. तो वजा केला की ठोक पगार २२,२०० रुपये उरतो. कर्मचाऱ्याचा तेवढाच वाटा कापला की हातात २०,४०० येतात. कायम नोकरीत मालकाचा वाटा २०,००० च्या वर वेगळा भरला जातो. तिथे मुलीच्या पगारातून १,८०० रुपये निधीचे आणि जास्तीत जास्त १५० रुपये राज्य कामगार विम्याचे कापले जातात आणि हातात सुमारे १८,०५० येतात. म्हणजे चार हजारांचा फरक प्रत्यक्षात २,३५० रुपयांचा आहे. (या पगारावर राज्यात महिलेला व्यवसाय कर लागत नाही.)

आता पूर्ण वर्ष पाहू. करार ११ महिन्यांनी संपला आणि पुढचा करार होईपर्यंत एक महिना रिकामा गेला, तर एजन्सीच्या नोकरीतून वर्षाला २,२४,४०० रुपये हातात येतात. कायम नोकरीतून बारा महिन्यांचे २,१६,६०० आणि बोनस कायदा लागू असलेल्या आस्थापनेत किमान बोनसचे कमीत कमी सुमारे ७,००० धरून २,२३,६०० येतात. बोनससाठी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २१,००० रुपयांची मर्यादा आहे. एजन्सीने २२,२०० हे सगळे मूळ वेतन व महागाई भत्ता म्हणून दाखवले, तर मुलीला बोनसचा कायदेशीर हक्क राहत नाही. अशा वेळी दोन्ही नोकऱ्यांत वर्षभरात हातात येणारी रक्कम जवळजवळ सारखीच झाली. उलट भविष्य निर्वाह निधी आणि त्याची निवृत्तिवेतन योजना मिळून एजन्सीच्या नोकरीत एका महिन्याचे ३,६०० रुपये कमी जमा झाले. रिकामा काळ दोन महिन्यांचा झाला, तर आणखी २०,४०० रुपये गेले. करार खंड न पडता वाढला किंवा मुलगी खरोखर कायम झाली, तरच दुसरी नोकरी फायद्याची ठरते. सगळा निर्णय ज्या शक्यतेवर उभा आहे, तिच्याबद्दल फलकावर एक अक्षरही नसते.

पैशांत सहज न दिसणारे नुकसान आणखी मोठे आहे. राज्य कामगार विम्याचीही वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. त्यामुळे कायम नोकरीतील मुलीला, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना, उपचार मिळतात. आजारपणात तिला ठरावीक दिवस वेतनाच्या ७० टक्के दराने रोख लाभही मिळतो. मर्यादेपेक्षा जास्त वेतनाची मुलगी या योजनेबाहेर पडते आणि एजन्सीने मेडिक्लेम काढला नसेल तर तिच्याकडे नोकरीतून मिळणारे आरोग्य संरक्षण उरत नाही. तिने स्वतः पॉलिसी घेतली, तरी आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वडिलांना मधुमेह असलेल्या घरात ही बाब दोन हजारांच्या फरकापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

मुदतीचे आकडेही सहज निवडलेले नसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निश्चित मुदतीच्या कामगाराला, तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतके वेतन आणि लाभ द्यावे लागतात. कराराखाली एक वर्ष सेवा झाली की ग्रॅच्युइटीही द्यावी लागते. ही तरतूद चांगली आहे, पण ११ महिन्यांचा करार नेमका त्या एका वर्षाच्या अलीकडे थांबतो. आपल्या राज्यातील नमुना स्थायी आदेशांत बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. कारखान्यांत सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची प्रथा पडली ती त्यामुळेच, कारण सात महिने म्हणजे सुमारे २१० दिवस. माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा मानलेली आहे. पण ती सिद्ध करण्यासाठी सलग कागद लागतात, आणि दर वेळी नव्या एजन्सीचे नेमणूकपत्र घेणाऱ्या कामगाराकडे ते नसतात.

नोकरी संपतानाही दोघांची स्थिती वेगळी असते. एक वर्ष सेवा झालेल्या कायम कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. कराराची मुदत संपणे ही कायद्याने कपात मानली जात नाही. त्यामुळे अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे सांगितले तरी पुरते. महिलांच्या बाबतीत हा धोका दुहेरी आहे. मुदतीच्या करारावरील महिलेचा मातृत्व लाभ करार संपल्यावरही चालू राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. तरीही हे माहीत नसल्याने अनेक जणी करार संपला की गप्प घरी बसतात.

‘कायम करू’ या आश्वासनाबद्दल एक गोष्ट विशेष निदर्शनास आणतो. एजन्सीचा माणूस ठरावीक काळाआधी स्वतःच्या पेरोलवर घेतल्यास कंपनीने एजन्सीला शुल्क द्यावे, अशी अट त्या दोघांच्या करारात असू शकते. मग काम कितीही चांगले असले तरी तो काळ संपेपर्यंत कंपनी माणूस घेत नाही. उमेदवार त्या करारात पक्षकार नसतो आणि त्याला ही अट कधीच दाखवली जात नाही. आश्वासन खरे आहे का, हे ओळखण्याची सर्वांत साधी खूण म्हणजे मागच्या तुकडीचे काय झाले हा प्रश्न. ज्या कंपनीत माणसे खरोखर कायम होतात, ती आकडा लगेच सांगते.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. मेळाव्यातील फलकावर आणि ‘महास्वयम’वरील प्रत्येक जागेपुढे कायम, निश्चित मुदतीची, एजन्सीमार्फत किंवा शिकाऊ यांपैकी नेमका प्रकार लिहिणे बंधनकारक करावे. नेमणूकपत्रावर कोणाची सही असेल आणि करार कोणत्या तारखेला संपेल, हेही त्यात असावे.

२. केवळ सीटीसीचा आकडा देण्यास मनाई करावी. हातात येणारा पगार आणि मालकाचा वाटा वेगवेगळे दाखवावेत. भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा किंवा मेडिक्लेम, बोनस, भरपगारी रजा आणि ग्रॅच्युइटी यांपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे.

३. कायम करण्याची संधी असल्याचे सांगणाऱ्या कंपनीने मागच्या दोन वर्षांत या पदावर किती जण घेतले, किती कायम झाले आणि किती महिन्यांनी, हे लिहून द्यावे. निर्णय कोण घेते, कोणत्या निकषावर आणि एजन्सीला शुल्क देण्याची अट आहे का, हेही सांगावे. ही माहिती न देणाऱ्या कंपनीला जाहिरातीत ‘कायम होण्याची संधी’ हे शब्द वापरू देऊ नयेत.

४. करार वाढणार की नाही, हे मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी लेखी कळवण्याची आणि एजन्सी बदलली तरी आधीच्या सेवेचा दाखला देण्याची हमी सहभागी कंपन्यांकडून घ्यावी.

५. मेळाव्यातून ‘रोजगार मिळालेल्यांची’ संख्या जाहीर करताना कायम आणि मुदतीच्या नेमणुका वेगळ्या दाखवाव्यात. बारा महिन्यांनी त्यांपैकी किती जण त्याच कामावर आहेत, याची पाहणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने करावी.

६. खोटी माहिती देणाऱ्या कंपनीला किंवा एजन्सीला पुढील दोन वर्षे मेळाव्यात प्रवेश देऊ नये. सात किंवा अकरा महिन्यांनी वारंवार खंड देणाऱ्या आस्थापनांची माहिती कामगार आयुक्तांकडे पाठवावी.

या मागण्यांसाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. मेळाव्यात कोणाला टेबल द्यायचे आणि संकेतस्थळावरील अर्जात कोणते रकाने भरून घ्यायचे, हे आपल्या विभागाच्या हातात आहे. प्रत्येक उमेदवाराने हे प्रश्न स्वतः विचारावेत, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या नोकरीच्या रांगेत उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा एकट्याने हे विचारतो, तेव्हा त्याला पुढच्या टेबलाकडे जायला सांगितले जाते. तेच प्रश्न शासनाच्या छापील अर्जात असतील, तर कंपनीला उत्तर द्यावेच लागेल.

पहिल्या तीन मागण्यांची अंमलबजावणी पुढील जिल्हास्तरीय मेळाव्यापासून सुरू करावी आणि उरलेल्या मागण्यांबाबत उमेदवार, कंपन्या व कामगार विभाग यांची संयुक्त बैठक ३० दिवसांत बोलवावी, ही विनंती. या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी कळवावी.

आपले विश्वासू,

स्वाक्षरी करणारे उमेदवार, पालक व कंत्राटी कर्मचारी,
पुणे जिल्हा

सोबत : १. स्वाक्षऱ्यांची यादी २. फलकाच्या प्रस्तावित नमुन्याची प्रत

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
१. मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य
२. मा. जिल्हाधिकारी, पुणे