सुजलेल्या पावलाचे माप

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव तालुक्यांत, मूत्रपिंडाचे विकार हा जुना चिंतेचा विषय आहे. अशा रुग्णांची पावले पुष्कळदा सुजतात. हृदय दुर्बल असल्यासही तेच घडते. मग घरातील मंडळी दुकानातून एक-दोन नंबर मोठी चप्पल आणतात. येथेच हिशेब चुकतो.

आपल्याकडील मापात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, चवड्याभोवतीचा घेर मात्र सहाच मिलिमीटरच्या आसपास. सूज लांबीत नव्हे, घेरात व उंचीत येते. समजा, आठ नंबर वापरणाऱ्या गृहस्थांच्या चवड्याचा घेर सकाळी २५ व सायंकाळी २७ सेंटिमीटर भरला. ही दोन सेंटिमीटरची वाढ केवळ नंबराने भरून काढायची, तर अकरा नंबर घ्यावा लागेल. तेव्हा पादत्राण अडीच सेंटिमीटर लांब होईल, टाच सुटेल आणि उंबऱ्याला पाय अडखळेल.

म्हणून लांबी आठचीच ठेवावी. रुंदी व खोली मात्र अधिक असावी. माप सायंकाळी, उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे. डायलिसिस चालू असल्यास ते पुढील डायलिसिसच्या आदल्या सायंकाळी घ्यावे, कारण त्या वेळी सूज सहसा अधिक असते. कागदावर पावलाची रेघ काढून चवडा व पायाचा उंचवटा यांचे घेर फीतीने मोजावेत.

पादत्राण बोटांपर्यंत उघडणारे व टाच धरणारे असावे. वेल्क्रोचे पट्टे लांब हवेत. सायंकाळी पट्ट्याचे केवळ टोकच चिकटत असेल, तर तो आखूड आहे. निघणारा सुखतळा असल्यास सूज वाढलेल्या दिवशी तो काढून जागा करता येते. आत शिवण टोचू नये. चामडे वर्ज्य असणाऱ्या आपल्या घरांत रेक्झिन घेतले जाते. परंतु ते फारसे ताणत नाही व घाम कोंडते. त्यापेक्षा ताणणारे जाड कापड बरे. रबरी पट्टा मात्र टाळावा. तो मांसात रुततो. मंदिरात, दुकानाच्या गादीवर वारंवार पादत्राण काढावे लागते, तेथे हे पट्टे सोयीचे ठरतात.

प्रथम अर्धा तास घरातच घालून पाहावे. काढल्यावर उमटलेली लाली वीस मिनिटांत गेली नाही, तर ते घट्ट आहे. मधुमेह्यास वेदना पुष्कळदा जाणवत नाही. त्याचे पाऊल दुसऱ्याने पाहावे.

लसिकावाहिन्यांच्या विकारात, उदाहरणार्थ हत्तीपायात, पावलाचा आकारच बदलतो. तेथे तयार माल पुरत नाही. रेघेवरून बनवून घ्यावे लागते.

पादत्राण सूज उतरवीत नाही. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, धाप लागली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे, खरेदी नंतर.