शेताला पाणी सोडलं की शेतावर? एका प्रत्ययात अडकलेलं भाषांतर

समजा, अंबडहून फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: ‘ताईने शेतावर पाणी सोडलं.’ ग्रुपवरचा भाचा परदेशात वाढलेला. तो मेसेज कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतो. ॲपने शब्दाला शब्द लावला तर उत्तर येईल ‘रिलीज्ड वॉटर ऑन द फील्ड’. भाच्याला वाटेल, मावशीने पिकाला पाणी दिलं. प्रत्यक्षात मावशीने वडिलोपार्जित जमिनीतल्या आपल्या हिश्श्यावरचा हक्क सोडलाय.

हा वाक्प्रचार मी मुद्दाम निवडलाय, कारण जालना जिल्ह्यात ‘पाणी सोडणे’ किमान तीन अर्थांनी कानावर पडतं. पहिला अर्थ सरळ आहे. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या भागातून जातो. ‘कालव्याला पाणी सोडलं’ ही शेतकऱ्याच्या कामाची बातमी. इथे शब्दशः भाषांतर बरोबरच येतं.

दुसरा अर्थ उपोषणाचा. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन उभं करणाऱ्या मनोज जरांगे पाटील यांनी १ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या आझाद मैदानावर पाणी पिणंही बंद केलं. अशा वेळी गावाकडे लोक सहज म्हणतात, ‘पाटलांनी पाणीबी सोडलं.’ याचं भाषांतर ‘पाटलांनी पाणी मोकळं केलं’ असं झालं, तर माणसाच्या जिवावरची बातमी धरणाच्या बातमीसारखी वाचली जाईल.

तिसरा अर्थ हक्क सोडण्याचा. दान देताना हातावरून पाणी सोडायची जुनी रीत आहे. पाणी सोडलं की त्या वस्तूवरची आपली मालकी संपली. त्यावरूनच ‘नोकरीवर पाणी सोडलं’, ‘लाखभर रुपयांवर पाणी सोडलं’ असं आपण बोलतो. इथे पाणी कुठेच नसतं, असतो तो कायमचा त्याग.

मग आपल्याला हा फरक लगेच कसा कळतो? प्रत्ययावरून. ‘शेताला पाणी सोडलं’ म्हणजे पीक भिजवलं, ‘शेतावर पाणी सोडलं’ म्हणजे हिस्सा सोडला. ‘ला’ की ‘वर’, एवढ्यावर सगळं ठरतं. पण बोलताना कुणी पिकाला पाणी दिल्यावरही ‘शेतावर पाणी सोडून आलो’ म्हणू शकतं. तेव्हा आपण बोलणारा कोण, विषय काय चाललाय, हे बघतो.

ॲपची अडचण इथेच आहे. गूगल ट्रान्सलेटने २०१७ मध्ये मराठीसाठी तुकड्यांऐवजी पूर्ण वाक्य एकत्र बघणारी पद्धत आणली. त्याने वाक्यं गुळगुळीत झाली. पण एकच ओळ टाकली, तर वर ग्रुपवर वाटणीची चर्चा चालली होती, हे त्याला कुठून कळणार? अशी यंत्रणा आधीच्या भाषांतरांच्या जोड्यांवरून शिकते. त्यात ज्या अर्थाची उदाहरणं जास्त, तिकडे ती झुकते. शिवाय चुकलेलं इंग्रजी वाक्यही व्याकरणात चोख असतं, त्यामुळे शंकाच येत नाही.

बरेच जण खात्री करायला इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत करून बघतात. वाक्प्रचाराला ही युक्ती दगा देते. शब्दशः गेलेलं वाक्य शब्दशःच परत येतं: ‘शेतावर पाणी सोडलं’. आपल्याला वाटतं, जमलं की! पण मराठी वाचताना अर्थ आपण स्वतः भरतो. इंग्रजी वाचणाऱ्याकडे तो पोहोचलेलाच नसतो.

त्यापेक्षा साधी परीक्षा मी सांगतो. इंग्रजी उत्तरात ‘वॉटर’ आहे का, ते बघा. मूळ प्रसंगात खरं पाणी नसेल आणि भाषांतरात असेल, तर अर्थ गळाला. हीच परीक्षा ‘पोटात कावळे ओरडतात’मधल्या कावळ्यांना आणि ‘हात वर केले’मधल्या हातांना लावा. शेवटचं तर उलटंच पडतं: आपल्याकडे हात वर करणारा जबाबदारी झटकतो, इंग्रजी वाचणाऱ्याला तो कामासाठी पुढे आलाय असं वाटू शकतं.

इंग्रजीतून मराठीत येतानाही तेच. लग्नाआधी एखाद्याला ‘कोल्ड फीट’ आले म्हणजे तो ऐनवेळी कचरला. ‘त्याचे पाय गार पडले’ असं आजीला वाचून दाखवलं, तर ती घाबरून विचारेल, डॉक्टरला बोलावलं का?

जमीन, पैसा, तब्येत यांचा मेसेज भाषांतराला टाकताना आधी वाक्प्रचार काढून साधं मराठी लिहा: ‘ताईने शेतातल्या तिच्या हिश्श्याचा हक्क सोडला.’ आणि हेही लक्षात ठेवा, मेसेजमध्ये पाणी सोडल्याने सातबारा बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. त्या कागदाचं इंग्रजी हवं असेल, तर ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.