आधी मूळ फाइल, मग बक्षीस

बोरिस एल्डागसेन यांनी एआयने बनवलेले चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला पाठवले, २०२३ मध्ये आपल्या गटात जिंकले आणि बक्षीस नाकारले. परीक्षकांनी यातून काय शिकायचे? 'थोडे एडिटिंग चालेल' हा नियम नव्हे, पळवाट आहे. स्पष्ट लिहा: उजेड, रंग, क्रॉप चालेल, जोडचित्राला वेगळा गट, त्यातली प्रत्येक मूळ फ्रेम सोबत, एआयचे चित्र छायाचित्रात नाही.

एक्झिफ माहिती कुणीही बदलू शकतो, म्हणून अंतिम फेरीत रॉ फाइल मागा. पण पडद्यावरचे चित्र कॅमेऱ्याने टिपले, तर रॉही खरीच निघते! म्हणून आधीच्या-नंतरच्या फ्रेम्सही पाहा. खऱ्या प्रसंगात माणसे हलतात, कोन बदलतो. त्या नाहीत आणि समाधानकारक कारणही नाही, तर बक्षीसही नाही.