भावाच्या जागी

दिल्लीहून सत्तरेक किलोमीटरवर, राजधानी परिसरातच मोडणारे रोहतक हे हरियानातले शहर. तिथले सराफ संजीव वर्मा यांना क्रिकेटचे भारी वेड. मुलगा साहिल आणि मुलगी शफाली यांना ते पहाटे मैदानावर नेत. जास्त षटकार मारील त्याला थोडे पैसे बक्षीस! छोट्या शफालीला उंच फटक्यांची गोडी लागली ती तिथे.

गल्लीतली मुले मात्र तिला डावात घेईनात. मुलीला चेंडू लागला तर, ही त्यांची सबब. क्रिकेटच्या शिकवणी वर्गातही मुलींना प्रवेश नव्हता. वडिलांनी विनवण्या केल्या, पण व्यर्थ. अखेर त्यांनी लेकीचे केस मुलासारखे बारीक कापले आणि मुलगा म्हणून तिला वर्गात घातले. त्या वयात सारी मुले दिसायला सारखीच. कुणाला संशयही आला नाही.

केस कापून प्रवेश मिळाला खरा, पण वेगवान चेंडू कुणाचे केस पाहत नाही. मुलांचे चेंडू तिच्या अंगावर, कधी हेल्मेटवरही आदळत. ती मागे हटली नाही.

एकदा पानिपतला बारा वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती. साहिल आजारी पडला. वडिलांनी त्याच्या जागी शफालीला उतरवले. मुलांच्या त्या स्पर्धेत ती सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली! आता तिला संघाबाहेर ठेवायला सबब उरली नव्हती.

ऑक्टोबर २०१३ मध्ये रोहतकजवळच्या लाहलीला मुंबईचा सचिन तेंडुलकर अखेरचा रणजी सामना खेळायला आला. नऊ वर्षांची शफाली वडिलांबरोबर तो पाहायला गेली. सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ती पंधराव्या वर्षीच भारताकडून खेळली. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये तिने ७३ धावा काढल्या आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात अर्धशतक करणारी सर्वांत लहान भारतीय खेळाडू ठरली. तोवर हा मान सचिनकडे होता.

पण एकदा मिळवलेली जागा कायमची थोडीच असते! २०२५ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या संघात शफालीचे नावच नव्हते. उपांत्य सामन्याच्या तोंडावर दिल्लीची सलामीची फलंदाज प्रतिका रावल जखमी झाली, म्हणून शफालीला बोलावणे आले. पुन्हा दुसऱ्याच्या जागी! उपांत्य सामन्यात तिला दहाच धावा करता आल्या.

२ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना झाला. शफालीने ७८ चेंडूंत ८७ धावा फटकावल्या. पुढे कर्णधार हरमनप्रीतने तिच्या हाती चेंडू दिला, तेव्हा तिने दोन महत्त्वाचे बळीही घेतले. भारत ५२ धावांनी जिंकला आणि भारताच्या मुलींनी पहिल्यांदाच विश्वचषक उंचावला. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारले गेले ते शफालीचे. पानिपतला भावाच्या जागी उतरली होती, तीच ही मुलगी!