शून्य रुग्ण की शून्य शोध?

दर पावसाळ्यात आरोग्य खात्याची निवेदने निघतात. अमुक तालुक्यात या आठवड्यात डेंग्यूचा एकही रुग्ण नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे, जनतेने घाबरू नये. आम्ही घाबरत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे शून्य रोग नसल्याचे आहे की कोणी शोधलेच नसल्याचे? कागदावर दोन्ही शून्ये सारखीच दिसतात. फरक कळतो तो शून्य कोणत्या रीतीने आले हे तपासल्यावरच.

बहुतेक रोगांची मोजणी आपल्याकडे दवाखान्यात बसून होते. रुग्ण आला, डॉक्टरने ओळखले, तपासणी झाली, कागद वर गेला, तर नोंद. तज्ज्ञ याला निष्क्रिय सर्वेक्षण म्हणतात. कायद्याने एखाद्या रोगाची नोंद सक्तीची केली तरी ही रीत बदलत नाही, कारण कागद पाठवायचा की नाही हे शेवटी दवाखानाच ठरवतो. आता वस्तीतला मजूर डोळ्यांपुढे आणा. ताप आला म्हणून सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले तर दिवसाची मजुरी जाते. तो नाक्यावरच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतो, फार तर एक सलाईन लावून घेतो. रक्त तपासले जात नाही. तो बरा झाला काय किंवा मेला काय, डेंग्यूच्या तक्त्यात तो येतच नाही. ही गळती केवढी असते? २००६ ते २०१२ या काळात देशात वर्षाला सरासरी सुमारे साडेवीस हजार डेंग्यूरुग्णांची सरकारी नोंद होत होती. मदुराई जिल्ह्यातील पाहणीचा आधार घेऊन संशोधकांनी २०१४ साली खरा अंदाज मांडला, तो वर्षाला सुमारे ५८ लाखांचा, म्हणजे नोंदीच्या २८२ पट होता.

दुसरी रीत सेंटिनल, म्हणजे पहारेकरी केंद्रांची. सगळीकडे पाहण्याऐवजी निवडक रुग्णालये घ्यायची, तिथे नीट तपासणी करायची आणि रोग वाढतो की ओसरतो याचा कल पाहायचा. कल पाहायला ही रीत चांगली आणि स्वस्त आहे. पण निवडक केंद्रांवरून साऱ्या जनतेचा आकडा काढू लागले की फसगत होते. आंध्रच्या गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी लोकांमध्ये जाऊन एचआयव्हीची पाहणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा सरकारी रीतीने काढलेला अंदाज सुमारे अडीचपट जास्त निघाला. कारण काय? खाजगी डॉक्टर संशयित रुग्णांना सरकारी रुग्णालयात पाठवत होते आणि त्या रुग्णालयांत मुळातच गरीब थरातले लोक जास्त येत होते. पहारेकरी जिथे उभा केला तिथलेच त्याला दिसले. पुढे २००७ साली देशाचा एचआयव्हीचा अंदाज पन्नास लाखांवरून सुमारे पंचवीस लाखांवर आला. म्हणजे गरिबाचा आजार कधी मोजलाच जात नाही, तर कधी गरीबच तेवढा मोजला जातो.

मग विश्वास ठेवावा असे शून्य असते तरी कसे? ते पोलिओने दाखवले. १९९७ पासून देशात या रोगासाठी सक्रिय सर्वेक्षण उभे राहिले. त्यात पोलिओची वाट पाहिली नाही. पंधरा वर्षांखालील ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, ते प्रत्येक मूल शोधायचे, कारण कोणतेही असो. अधिकारी ठरावीक दिवशी रुग्णालयांत जाऊन स्वतः रजिस्टर चाळत. मांत्रिक, हाडवैद्य, गल्लीतले बिनपदवीचे डॉक्टर यांनाही खबर देणाऱ्यांच्या यादीत घेतले, कारण गरीब आई मुलाला घेऊन आधी तिथेच जाते. एकही रुग्ण नसला तरी दर आठवड्याला 'शून्य' असा अहवाल लिहून पाठवायचा होता, म्हणजे न आलेला कागद आणि रुग्ण नसणे यांची गल्लत होत नाही.

यातली खरी युक्ती पुढे आहे. पोलिओ नसला तरी इतर आजारांनी काही मुले लुळी पडतातच. पंधरा वर्षांखालील एक लाख मुलांमागे वर्षाला अशी किमान एक, आणि धोक्याच्या भागात किमान दोन मुले सापडली पाहिजेत असा दंडक होता. समजा धोक्याच्या भागातल्या जिल्ह्यात अशी दहा लाख मुले आहेत. तर वर्षात वीस लुळी मुले सापडायला हवीत. वीस सापडली, सगळ्यांची तपासणी झाली आणि एकातही पोलिओ नाही, तर ते शून्य खरे. चारच सापडली तर ते शून्य नव्हे, ती झोप आहे. व्यवस्थेची रोग पकडण्याची ताकद, म्हणजे संवेदनशीलता, अशी मोजतात. एक लाख मुलांच्या एखाद्या तालुक्यात एका वर्षी योगायोगाने कोणी सापडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण सलग तीन वर्षे कोणीच सापडले नाही तर तिथे शोधणारा नाही असेच समजावे.

दुसरी कसोटी तत्परतेची. लुळेपणानंतर चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे असतात. नंतर विषाणू सापडण्याची शक्यता कमी होते. समजा १ जुलैला मुलाचा पाय लुळा पडला. आठ दिवस आई मांत्रिक आणि खाजगी डॉक्टरकडे फिरली. ९ तारखेला मूल रुग्णालयात आले, पण तिथून फोन कोणी केला नाही. १४ तारखेला अधिकाऱ्याने रजिस्टर पाहिले. १५ ला तपास झाला, नमुने १५ आणि १६ ला. दुसरा नमुना पंधराव्या दिवशीचा, म्हणून बाद. आता अहवाल पाहा. खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास व्हायला हवा, तो चोवीस तासांतच झाला! अधिकारी पास, मूल नापास. म्हणून दिवस मोजायचे ते आजाराच्या पहिल्या दिवसापासून, आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे. तेव्हाच दिसते की आठ दिवस वस्तीत गेले आणि पाच रुग्णालयाच्या टेबलावर.

या रीतीलाही मर्यादा आहेत. पोलिओचा विषाणू साधारण दोनशे मुलांना गाठतो तेव्हा एखादेच लुळे पडते, म्हणून मुंबईत २००१ पासून सांडपाणीही तपासले गेले. शिवाय माणसे, वाहने, प्रयोगशाळा यांचा खर्च मोठा आहे, प्रत्येक तापासाठी तो शक्य नाही. पण या कसोट्या मात्र फुकट आहेत. देशातला शेवटचा पोलिओरुग्ण हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या शून्यावर जगाने विश्वास ठेवला तो शोधल्याचा पुरावा जोडलेला होता म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी 'एकही रुग्ण नाही' असे निवेदन आले की आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. या महिन्यात किती तापाच्या रुग्णांचे रक्त तपासले, आणि त्यातले आमच्या वस्तीतले किती? किती दवाखान्यांनी अहवाल पाठवला, आणि किती गप्प राहिले? ताप आल्यापासून नोंद होईपर्यंत किती दिवस गेले? तपासलेलेच शून्य असतील तर रुग्ण शून्य असणारच! अशा शून्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?